तिसऱ्या तुकडीतली सीनियर

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. शिकाऊ इंजिनिअर निवडायला सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेलो होतो, तिथली एक मुलाखत अजून डोक्यातून जात नाही.

आधीच्या मुलाच्या बायोडेटावर क्लबांची अध्यक्षपदं भरपूर. "तुझा असा एखादा निर्णय सांग, जो कुणाला तरी पटला नाही," म्हटलं, तर "सगळे मिळूनच ठरवायचो" यापुढे गाडी सरकेना. मग ती आली. उत्तरं बरोबर, पण आवाज इतका बारीक की शेजारचे साहेब सारखे "काय?" म्हणत होते. बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत होतं, खो-खो कर्णधार. मी विचारलं, "पळतीच्या तुकड्या कोण लावायचं?"

"मीच, सर." तिने कागद पुढे ओढला, दोन खांब काढले आणि बोलायला लागली. पाळी 9 मिनिटांची, पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात आणि हा क्रम आधीच द्यावा लागतो. उपांत्य सामन्यात संघातली सगळ्यात चांगली पळणारी सीनियर घोटा दुखत असूनही पहिल्या तुकडीसाठी हटून बसली होती. हिने तिला तिसऱ्या तुकडीत टाकलं. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ काढला तर तिला थोडंच पळावं लागेल, हा हिशोब. "ताईला बाजूला नेऊन सांगितलं, नाव देण्याआधी. ती नंतर बोलत नव्हती माझ्याशी. आम्ही हरलो. पण पुन्हा तेच केलं असतं."

हे सांगताना आवाज खणखणीत होता. आम्ही तिला घेतलं.

कारखान्यात आल्यावर पहिले काही महिने ती पुन्हा गप्पच. मैदानावरचा आत्मविश्वास मशीनसमोर आपोआप येत नाही, तो त्या कामाची माहिती झाल्यावरच येतो. पण एका रात्रपाळीत वेल्डिंगचा एक फिक्स्चर सैल झाला आणि ब्रॅकेटची भोकं सरकायला लागली. अनुभवी ऑपरेटर म्हणत होते, "पाळी संपू दे, मग बघू." तिने गेज लावून तीन ब्रॅकेट त्यांच्यासमोर मोजले, "काका, लाइन थांबवते, जबाबदारी माझी," म्हणाली आणि लगेच मला फोन केला.

2005 मध्ये कुन आणि वाइनबर्गर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांच्या माहितीवरून दाखवलं होतं की शाळेत संघाचे कर्णधार किंवा क्लबचे अध्यक्ष राहिलेले पुढे जास्त कमावतात. मात्र मुळात धीट मुलंच कर्णधार होतात, हाही भाग त्यात असणारच. म्हणून मला नुसत्या पदावर विसंबवत नाही. न पटणारी गोष्ट समोरच्याला तोंडावर, वेळेआधी सांगायची सवय तिथे लागली होती का, एवढंच मी शोधतो. हल्ली कर्णधार समोर आला की मी जिंकलेले करंडक विचारत नाही. संघातून कुणाला बसवलंस, ते त्याला कुणी सांगितलं आणि पुढच्या सरावाला तो आला का, हे विचारतो.