डाग कुणाचा?

जुन्या फोटोवरचे ओरखडे पुसणं सोपं असतं. कुठला डाग फोटोवर पडलाय आणि कुठला फोटोतच आहे, हे ओळखताना मात्र डोळे शिणतात.

मित्राने बहिणीच्या लग्नात पडद्यावर दाखवायला एक फोटो आणून दिला. १९९४ सालचा, ठाण्याच्या तलावपाळीवरचा. कठड्याला टेकून हा हसतोय आणि शेजारी धाकटी भोकाड पसरून रडतेय. फोटो पार तांबूस झाला होता. त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अल्बमच्या अंधारातही आधी उडतो आणि लाल तेवढा उरतो. आई म्हणाली, मोजे पांढरेशुभ्र होते. स्कॅन करून मी ते पांढरे होईपर्यंत लाल कमी करत गेलो, तसं पाणी पाण्यासारखं दिसू लागलं आणि इतका वेळ तपकिरी वाटणारे डाग दोन जातींचे निघाले. बुरशीचे डाग कशाचीच पर्वा न करता कठड्यावरून फ्रॉकवर, फ्रॉकवरून पाण्यावर गेले होते. फ्रॉकवरचा जांभळा डाग मात्र कापडाच्या चुण्यांबरोबर वळत होता, शिवणीशी थांबत होता. तो काला खट्टाचा गोळा! बुरशी काढली, गोळा ठेवला. मित्राच्या बाहीवरही तसाच एक ठिपका होता. "तेवढा पूस ना," तो म्हणाला. मी नाही पुसला. चुणीत बसलेला डाग पुसायचा नाही, हा आपला नियम.

हॉलमधला पडदा रुंद, फोटो त्यापेक्षा चौकोनी. नुसता फोटो दिला की ऑपरेटर तो ताणून पडदा भरतो आणि पोरं भोपळ्यासारखी फुगतात. म्हणून १९२० बाय १०८०ची काळी पाटी करून त्यात १६२० रुंदीचा फोटो मधोमध बसवला. त्याआधी एक कोरी काळी पाटी ठेवली, कारण फोटो दिसला की भाषण कुणी ऐकत नाही.

मित्र काळ्या पडद्यासमोरच बोलला.

"मंडळी, दोन मिनिटंच घेतो. हिला हट्टाने काहीही मिळतं, हे जावईबापूंना आज ना उद्या कळेलच. त्या दिवशी बाबांनी एकच गोळा घेतला, तोही हिलाच. तो हिने स्वतःच्या हाताने फ्रॉकवर सांडला आणि रडली मात्र माझ्या नावाने. चिमे, तेव्हा तुला माझ्या खाऊच्या पैशांतून दुसरा घेऊन दिला होता, ते विसरू नकोस. हा घ्या पुरावा."

फोटो आला. हशा पिकला, मावशीने डोळ्यांना पदर लावला. नवरीने मुंडावळ्या सावरत माईक मागितला.

"सांडला नव्हता, यानं ओढला होता! दादाची बाही बघा जरा!"

सगळा हॉल बाही बघू लागला. दादा माझ्याकडे बघत होता.