मागे मोठं स्प्रॉकेट टाकायचं का?

«भाऊ, मागचं स्प्रॉकेट मोठं टाकलं तर पिकअप वाढतो म्हणतात. पण टॉप अन् अ‍ॅव्हरेज दोन्ही जातात का?»

पिकअप वाढतो, टॉप थोडा जातो किंवा जातही नाही, आणि अ‍ॅव्हरेज तुम्ही गाडी कुठे चालवता त्यावर. गॅरेजमधली एक गाडीच सांगतो.

चाळीसगावचा एक कापडविक्या आहे. शंभर सीसीच्या गाडीवर मागे दोन मोठी गाठोडी बांधून कन्नड घाट चढायचा आणि वरच्या गावांमध्ये फेरी करायचा. त्याची तक्रार एकच, «भाऊ, घाटमा गाडी चढस नही.» तिसऱ्यात गाडी दम तोडायची, दुसऱ्यात टाकली की इंजिन नुसतं ओरडायचं. चार गिअरच्या अशा गाड्यांत दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये साधारण चाळीस टक्क्यांची दरी असते, आणि घाटाला नेमकं त्या दरीतलंच काहीतरी हवं असतं.

त्याच्या गाडीला पुढे 14 दाते, मागे 42. म्हणजे पुढचं चक्र तीनदा फिरलं की चाक एकदा फिरणार. मागे 45 दात्यांचं टाकलं तर हाच आकडा 3.21 होतो. इंजिनाची ताकद तीळभरही वाढत नाही, पण चाकावरची ओढ प्रत्येक गिअरमध्ये सात टक्क्यांनी वाढते. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. त्याच्या गाडीला मात्र तेवढ्याचीच कमी होती. घाटातल्या बऱ्याच पट्ट्यात तिसरा गिअर टिकायला लागला. तीव्र वळणावर अजूनही दुसराच लागतो, तिथे स्प्रॉकेट काही करू शकत नाही.

या ओढीची किंमत फेऱ्यांमध्ये मोजावी लागते. 60 च्या वेगाला इंजिन मिनिटाला 5500 फेऱ्या मारत असेल, तर आता तेवढ्याच वेगाला जवळपास 5900 मारणार. म्हणून सपाटीला अ‍ॅव्हरेज उतरतो. धुळे रस्त्याला रिकामी गाडी एका चालीत पळवणाऱ्याला हा तोटा रोजचा. कापडवाल्याला तो कमी जाणवला, कारण पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत जाणारं अंतर आता तिसऱ्यात जातंय.

टॉपचं गणित लोकांना उलटं वाटतं. अशा बऱ्याच इंजिनांची पूर्ण ताकद 8000 फेऱ्यांच्या आसपास मिळते. ओझं आणि समोरचा वारा असला की चौथ्यात इंजिन तिथवर पोचतच नाही. म्हणजे वेग गिअरने नाही, ताकदीने अडवलेला असतो, आणि तिथे मोठ्या स्प्रॉकेटने टॉप फारसा हलत नाही. एकटा माणूस, रिकामा रस्ता, पाठीशी वारा असेल तेव्हाच तो कमी झालेला कळतो. याच कारणाने मागे 39 टाकून टॉप वाढवायला आलेल्या पोरांना मी परत पाठवतो. लहान इंजिन चौथ्यात तेवढं ओढू शकत नाही, पोरगं सारखं तिसऱ्यात येतं, आणि टॉपही गेला, अ‍ॅव्हरेजही गेला.

बसवताना खरी अडचण चेनची असते. मागे तीन दाते वाढले की तीच चेन बसवायला चाकाचा अ‍ॅक्सल साधारण दहा मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो. नव्या चेनवर तो आधीच पुढच्या टोकाजवळ असतो, मग जागाच उरत नाही. म्हणून दोन कड्या जास्त असलेली चेन घ्या. कड्या जोडीनेच वाढतात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, झिजलेली चेन नवे दाते लवकर खाते. अ‍ॅक्सल हलला की मागच्या ब्रेकचा रॉड पुन्हा सेट करावा लागतो, हे विसरणारे मेकॅनिक पुष्कळ. चेन कव्हरला मोठं स्प्रॉकेट घासत नाही ना, तेही चाक हाताने फिरवून बघा. आणि ढिलाई तपासताना गाडीवर माणूस बसवा; ओझ्याने चेन आणखी ताणते, स्टँडवर बरोबर वाटलेली चेन घाटात आवळून बसते.

पुढे 14 ऐवजी 13 टाकलं तर जवळपास तोच परिणाम स्वस्तात मिळतो. पण लहान चक्रावर चेन जास्त मुडपते आणि लवकर जाते. ओझ्याच्या गाडीला मी ते करत नाही.

एक गंमत ध्यानात ठेवा. ज्या गाडीचा मीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्याला या बदलाचा पत्ताही लागत नाही. पण काही गाड्यांत तो गिअरबॉक्सकडून मोजतो. तिथे 45 टाकल्यावर 100 किलोमीटर गाडी चालली की मीटर 107 दाखवतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन सांगतं की अ‍ॅव्हरेज वाढला. अशा गाडीला टाकी फुल करून फुलपर्यंत मोजताना अंतर मीटरवरून धरू नका, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून धरा.