लाइटमॅप बेक केला आणि वाड्याच्या आतल्या भिंतीवर कडुनिंबाची सावली पडली

मी इंदूरला रामबागेत राहतो आणि युनिटी या गेम इंजिनमध्ये गेमच्या लेव्हलचं काम करतो. मागच्या प्रोजेक्टमध्ये जुना मराठी वाडा होता, मध्ये चौक, भोवती दालनं, आणि भिंतींचं किट आधीच तयार मिळालेलं. रिअलटाइम लाइटमध्ये सगळं झकास दिसत होतं पण लाइटमॅप बेक केल्यावर, म्हणजे उजेड-सावली आधीच मोजून टेक्स्चरमध्ये साठवल्यावर, माजघराची पार दैना झाली. कोपऱ्यांत काळ्या रेघा, भिंतीवर डाग, आणि फरशी जिथे भिंतीला टेकते तिथे अंधाऱ्या खोलीत उजेडाची पट्टी, जणू भिंतीखालून कुणी ट्यूबलाइट सरकवलीय.

असं दिसलं की सगळे पहिले रिझोल्यूशन वाढवतात. ते उपाय म्हणून महाग आहे, दुप्पट केलं की टेक्सेल, म्हणजे लाइटमॅपचे ठिपके, चौपट होतात, पण चाचणी म्हणून भारी आहे. मी Lightmap Resolution 10 वरून 20 केलं आणि फक्त त्या खोलीपुरतं बेक केलं. फरशीवरची पट्टी जवळपास अर्धी झाली, कोपऱ्यातल्या रेघाही बारीक झाल्या, पण भिंतीवरचे डाग तिथेच, त्याच आकाराचे, उलट जास्त स्पष्ट. म्हणजे हे वेगवेगळे आजार होते आणि औषध एक चालणार नव्हतं. रिझोल्यूशन परत 10 वर आणलं.

डाग नीट बघितले तर ती पानांची सावली निघाली हो! बाहेर चौकात कडुनिंब उभा, त्याची सावली बाहेरच्या भिंतीवर पडायला हवी ती आत. कारण सरळ होतं, किट बनवणाऱ्याने टेक्स्चर वाचवायला भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू यूव्हीमध्ये, म्हणजे मॉडेल सपाट उलगडून टेक्स्चरवर मांडायच्या नकाशात, एकावर एक ठेवलेली. रंगाच्या टेक्स्चरला ते चालतं, दोन्हीकडे तोच चुना. लाइटमॅपमध्ये मात्र प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःची जागा लागते, नाहीतर ऊन लागलेली बाजू आणि अंधारातली बाजू एकाच टेक्सेलवर हक्क सांगतात. युनिटी लाइटमॅपसाठी मेशचा दुसरा यूव्ही सेट बघते, तो नसेल तर गपचूप पहिलाच वापरते, आणि या किटमध्ये दुसरा सेट नव्हताच. सीन व्ह्यूमध्ये UV Overlap मोड लावला तर भिंती लालेलाल.

मॉडेलच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये Generate Lightmap UVs टिक केलं, पुन्हा बेक केलं, कडुनिंब बाहेर गेला. कोपऱ्यातल्या रेघा मात्र तशाच. हा भाग बरेच जण सोडून देतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिथे Margin Method Manual होतं, त्यात Pack Margin, म्हणजे यूव्हीच्या तुकड्यांमधलं अंतर, डिफॉल्ट 4 असतो, पण तो 4 टेक्सेल धरला जातो मेशला अख्खा 1024 चा लाइटमॅप मिळेल असं समजून. माझी 4 मीटर लांब, 3 मीटर उंच भिंत, मीटरला 10 टेक्सेल, दोन्ही बाजू धरून तिला साधारण 64 बाय 64 ची जागा मिळते. म्हणजे तुकड्यांमधलं अंतर उरलं पाव टेक्सेल! शेजारच्या तुकड्याचा अंधार फिल्टरिंगमध्ये कडेला झिरपणारच. Margin Method ला Calculate निवडून Min Lightmap Resolution मध्ये सीनचाच आकडा, 10, टाकला आणि रेघा गेल्या.

राहिली उजेडाची पट्टी. फरशी म्हणजे चौकापासून माजघरापर्यंत एकच सलग प्लेन, त्यावर 5 सेंटीमीटर जाडीची भिंत, आणि टेक्सेल 10 सेंटीमीटरचा. एकच टेक्सेल अर्धा उन्हात अर्धा घरात, भिंत मध्ये आहे हे त्याला कळणार कसं? शेजारचे काका स्क्रीन बघून म्हणाले, "अरे वाड्याची भिंत एवढी पातळ? खुंटी ठोकलीस तर पलीकडे निघेल." काकांना लाइटमॅप काय ते माहीत नाही पण निदान अचूक होतं. भिंत 30 सेंटीमीटर केली म्हणजे तिच्याखाली तीन टेक्सेल जातात, आणि फरशी भिंतीच्या मधोमध कापून आतली-बाहेरची वेगळी केली. भिंतीच्या पोटात गेलेल्या टेक्सेलना सगळीकडे उलट्या बाजूच दिसतात, असे टेक्सेल बेकर बाद करतो आणि शेजारच्या चांगल्या टेक्सेलवरून भरतो, त्यामुळे आता आतल्या फरशीला आतलाच अंधार मिळतो. छतही नुसतं प्लेन होतं, त्यालाही जाडी दिली आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ओढलं.

दोन भिंतींचे मॉड्यूल जिथे जुळतात तिथे फिकट उभी रेघ अजून दिसत होती, Stitch Seams तिथे कामाचं नाही कारण ते एकाच ऑब्जेक्टच्या आतले जोड शिवतं, दोन वेगळ्या ऑब्जेक्टमधले नाही. मेश एकत्र करत बसण्यापेक्षा मी त्या जोडावर लाकडी खांब उभा केला, वाड्यात तसाही शोभतो.