काकूंची सही चालते तोवर

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात मी मुख्यतः इन्कम टॅक्सची रिटर्नं भरतो. पण जुलै लागला की रिटर्नाच्या निमित्तानं घराघरांतल्या बाकीच्या भानगडीही टेबलावर येतात. ब्याऐंशी वर्षांच्या या काकू अशाच आल्या. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, ते गेल्यापासून काकूंना फॅमिली पेन्शन. सोबत पुण्याहून आलेला मुलगा आणि इथेच मनीषनगरला राहणारी मुलगी. मुलानं स्टँप पेपरवर जनरल मुखत्यारपत्र टाईप करूनच आणलं होतं. आईनं सही केली की नोटरी करायची, मग बँक, पोस्ट, घर सगळं तो पाहणार, आईला धावपळ नको, असा त्याचा हिशेब.

मी विचारलं, "दादा, हा कागद कधी कामात येईल असं वाटतं तुम्हाला?"

"आई आजारी पडली, तिला काही समजेनासं झालं, तर."

"नेमका तेव्हाच तो चालणार नाही."

त्याला वाटलं मी फी वाढवायला बसलो आहे. पण 1872 च्या करार कायद्याचं 201 वं कलम सरळ आहे. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली किंवा तिची समज गेली, की मुखत्याराचा अधिकार तिथेच संपतो. समज गेल्यावरही टिकून राहील असं मुखत्यारपत्र काही देशांत करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तोवर दवाखान्याचं बिल थांबत नाही. परदेशी नातेवाइकांचं ऐकून लोक इथे हाच कागद करवून घेतात आणि निश्चिंत होतात.

काकू ऐकून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मी शुद्धीवर आहे तोवरच हा कागद? अरे, शुद्धीवर असली तर मीच सही करीन न, याला काऊन देऊ?"

पूर्ण बाद करण्यासारखं नव्हतं ते. पाय दुखतात, महापालिकेत घरटॅक्सची चौकशी किंवा एखाद्या कचेरीतला अर्ज यासाठी कुणीतरी जायला हवं, तेवढ्यापुरतं मुखत्यारपत्र उपयोगाचं. म्हणून आम्ही ते कापून लहान केलं. घर विकण्याचा, कर्ज काढण्याचा अधिकार काढून टाकला आणि कामं नावानिशी लिहिली. पैशांसाठी मात्र वेगळी वाट धरायची होती, ती म्हणजे खात्यावर दुसरं नाव.

काकूंनी पिशवी रिकामी केली. पेन्शनचं खातं, दोन एफडी, एका पतसंस्थेची पावती आणि स्टेशनजवळच्या शाखेतलं एक जुनं बचत खातं, ज्यात बरीच वर्षं काहीच झालं नव्हतं. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं कुणी हात लावला नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारस तिथूनही ते मागू शकतात, पण खातं आहे हे आधी माहीत तर असायला हवं. ते बंद करून रक्कम वापरातल्या खात्यात आणायची ठरली.

खरा गुंता चार लाखांच्या एफडीत होता. काका आणि काकू दोघांच्या नावानं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहिलेला. गेल्या वर्षी काकू बाथरूममध्ये पडल्या, कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हा मुलगी ही एफडी मोडायला गेली. शाखेनं काकांच्या सगळ्या वारसांची संमती मागितली. बँक त्रास देऊन राहिली, असं घरच्यांनी धरलं. मी पावती उलटून पाहिली. मुदत संपल्यावर हयात असलेल्याला एकट्याच्या सहीवर पैसे मिळतात, हे खरं. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात, आणि एक जण गेला असेल तर त्याच्या वारसांची संमती. यातून सुटायचा मार्ग रिझर्व्ह बँकेनंच दिलेला आहे. मुदतीआधीही कुणाही एकाला किंवा मागे राहिलेल्याला मोडू द्यावं, असं दोघांनी आधी संयुक्तपणे लिहून दिलं की झालं. तसं पत्र कुणी दिलंच नव्हतं. ही एफडी मार्चमध्ये मुदत संपेपर्यंत तशीच ठेवायची ठरली. आपोआप नूतनीकरण तेवढं बंद करायला सांगितलं, नाहीतर पुन्हा काकांच्या नावानं ती पुढे गेली असती.

आता मुलगा म्हणाला, ताईचं नाव सगळीकडे घालून टाका. इथे काकू सावध झाल्या. शाखेत मॅनेजरबाईंनी दोन्ही मुलांना बाहेर बसवलं आणि काकूंना विचारलं, "नाव घातलं की मुलगी तुम्हाला न विचारता पैसे काढू शकते, माहीत आहे न?" हा प्रश्न सगळ्याच बँकेत विचारायला हवा, क्वचितच विचारतात.

"माहीत आहे. म्हणूनच सगळ्यावर घालून नाही राहिली."

नवं बचत खातं काकू आणि मुलीचं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', खर्चासाठी. दवाखान्यासाठी दोन लाखांची एक एफडी त्याच दोघींच्या नावानं, मुदतीआधी मोडण्याच्या पत्रासह. दुसरी मोठी एफडी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' केली, पहिलं नाव काकूंचं, दुसरं मुलाचं, आणि ते पत्र मुद्दाम दिलं नाही. काकू हयात असेतो मुदतीनंतरचा पैसा काकूंचाच, आणि आधी मोडायची तर दोघांच्या सह्या. व्याज काकूंच्याच पॅनवर राहिलं, दुसऱ्या नावानं टॅक्सचा हिशेब बदलत नाही. मुलाला वाटत होतं दुसरं नाव म्हणजे मालकी. तसं नाही. मागे राहिलेल्याच्या हातात बँक पैसे देऊन मोकळी होते, वारसांचा हक्क त्यानं मिटत नाही. त्यासाठी मृत्युपत्र, आणि काकू त्याला तयार झाल्या.

पेन्शनच्या खात्याचं काय? केंद्र सरकारच्या पेन्शनचं खातं फक्त जोडीदाराबरोबरच संयुक्त करता येतं, मुलीचं नाव तिथे चालणार नव्हतं. त्यावर स्थायी सूचना दिली. पेन्शन जमा झाली की ठरावीक रक्कम नव्या खात्यात आपोआप जाते आणि पेन्शनच्या खात्यात थोडंच उरतं. सही थरथरायला लागली तर अंगठाही चालतो. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असला पाहिजे. मोबाईल नंबर तिथे अजून काकांचाच होता. ते सिम बंद पडलेलं, ओटीपी कुणाला येणार? तोही त्याच दिवशी बदलला.

पतसंस्थेचे दीड लाख मुदत संपली की काढायचे असं काकूंनीच ठरवलं. व्याज जास्त होतं, पण बँकांना मिळणारं पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण पतसंस्थेला नसतं. हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

शेवटी यादी. एकच पान, वर तारीख. संस्था आणि शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नावं ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं, व्यवहाराची पद्धत, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव दिलं, मुदत कधी संपते, मूळ पावती कुठे. पासवर्ड, पिन काहीच नाही. एक प्रत काकूंच्या कपाटात, एकेक दोन्ही मुलांकडे.

खाली काकूंनी एक ओळ वाढवायला लावली. मी नुसतं बोलता बोलता सांगितलं होतं की पेन्शनर गेल्यावरही पेन्शन जमा होत राहिली तर बँक ती परत वसूल करते, आणि पैसे पुढे संयुक्त खात्यात गेले असतील तर मुलीच्या मागे लागेल. त्यांनी मुलीकडे पाहून म्हटलं, "लिहून घे. मी गेली की पहिले बँकेत सांगायचं, ते आपोआप जाणारं बंद करायचं, मग बाकीच्यांना फोन."

मुलीनं ती ओळ यादीच्या तिन्ही प्रतींवर लिहिली.