फ्रीजवरचा कागद, आता हिंदीत

मंगळवार, रात्र

आजची सगळी संध्याकाळ एका कागदात गेली. मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गावाला गेल्यात, दोन-तीन महिने तरी येत नाहीत, तोवर आईकडे दिवसभर थांबायला दीदी आल्यात. दीदी आठवीपर्यंत हिंदी शाळेत शिकलेल्या, घडाघडा वाचतात, त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं असं की मावशींसाठी लिहिलेला कागद आहे तोच राहू दे फ्रीजवर, अक्षरं तर तीच आहेत. मला ते काही पटेना, म्हटलं आधी त्यांना मोठ्याने वाचून तर बघू दे.

मावशींचा कागद असा होता:

सकाळी ७ – आधी गोळी (थायरॉईड), मग तासाने चहा-नाश्ता.
नाश्त्यानंतर बीपीची गोळी.
११ – मशीन लावा. १२ – कुकर लावा.
आमटीत मीठ कमी.
जेवणानंतर कॅल्शियम.
उरलेलं टाकू नका, फ्रीजमध्ये ठेवा.
दुपारी आई झोपली की दार लावून घ्या.

मावशींना एवढं पुरायचं, त्यांना निम्मं तर पाठच होतं. दीदींनी वाचायला सुरुवात केली, 'गोळी'तल्या ळपाशी जरा अडखळल्या कारण हिंदीत ते अक्षर नसतंच, पण अंदाजाने गोली म्हणून पुढे गेल्या. आणि मग थांबून मला विचारलं, "भाभी, बाकी आधी गोली कब देनी है?"

मला क्षणभर कळेचना कुठली बाकी. मग ट्यूब पेटली. आपलं 'आधी' म्हणजे अगोदर, त्यांचं 'आधी' म्हणजे अर्धी! "आधी गोळी" म्हणजे अर्धी गोळी. आणि यातली खरी भीतीची गोष्ट अशी की अर्धी गोळी हे काही विचित्र वाटत नाही, डॉक्टर खरंच अर्धी अर्धी गोळी लिहून देतात, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही. गोळीच्या जागी भलताच शब्द आला असता तर कुणीही विचारलं असतं. इथे अर्थ अगदी व्यवस्थित लागतो, फक्त चुकीचा लागतो. दीदींनी विचारलं ते उरलेल्या अर्ध्या गोळीचं काय करायचं म्हणून, नाहीतर महिनाभर आईला अर्धा डोस गेला असता आणि पुढच्या रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं बघून डॉक्टरांनी डोस वाढवला असता.

'आधी'च्या जागी 'पहले' लिहिलं की झालं असं वाटलं होतं, पण मग विचार केला की आधी-नंतरची भानगडच कशाला, सरळ घड्याळाची वेळ लिहू. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे तासभर चहासुद्धा नाही, कारण चहा-कॉफी-नाश्त्याबरोबर ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमचं तर तिच्याशी अजिबात जमत नाही, दोन्हीत चार तासांचं अंतर लागतं, म्हणून ती गोळी दुपारच्या जेवणावर ढकललेली आहे. हे कारण मावशींना तोंडी माहीत होतं, कागदावर नव्हतं. दीदींना मी तेही सांगितलं, कारण कारण माहीत असलं की एखाद्या दिवशी उशीर झाला तरी माणूस दोन्ही गोळ्या एकदम देऊन मोकळा होत नाही.

मग 'जेवणानंतर'. त्याचं हिंदी 'खाने के बाद', यात काय अडचण असणार? पण हिंदीत गोळीसुद्धा खातात! आपण गोळी घेतो, ते दवाई खाते हैं. म्हणजे कॅल्शियमच्या ओळीत "खाने के बाद" लिहिलं आणि वरच्या ओळीत दुसरी गोळी असली की, कशाच्या खाने के बाद? जेवणाच्या का गोळीच्या? तिथे मी सरळ 'दाल-चावल खाने के बाद' लिहिलं. पुस्तकी हिंदीत बसत नसेल, चालेल.

आमटीची ओळ तर बहारच होती. दीदींनी वाचलं "आमटी में मीठ कम" आणि म्हणाल्या, आम का कुछ है क्या, मीठा कम डालना है? आई आतून हसायला लागली. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते, आईला बीपी आहे, साखर कमी घातली आणि मीठ नेहमीसारखं असं झालं असतं तर कागद असून नसल्यासारखा. आता तिथे 'दाल में नमक कम' आहे. तेवढ्यावर मी थांबले नाही, कमी म्हणजे किती हे मावशींच्या हाताला माहीत होतं, दीदींच्या हाताला नाही, म्हणून मिठाच्या डब्यात छोटा चमचा ठेवला आणि लिहिलं की अम्मा की दाल में आधा चम्मच, ऊपर से नमक नहीं. इथे मात्र 'आधा' बरोबर जागी आहे :)

डब्यांवरची लेबलंही तेव्हाच बदलली. 'पीठ' म्हणजे हिंदीत पाठ, त्यामुळे तिथे 'आटा'. 'तांदूळ'चं 'चावल'. बाकी डबे त्या उघडून बघून ओळखतील.

मग आला 'लावा'. हा शब्द आपण किती राबवतो हे दुसऱ्या भाषेत नेताना कळतं. मशीन लावा, कुकर लावा, दार लावा, क्रीम लावा, सगळीकडे एकच. हिंदीत प्रत्येकाला वेगळा शब्द शोधावा लागला, मशीन चलाना, कुकर चढ़ाना, दरवाज़ा बंद करना, क्रीम लगाना. आणि दाराचं लिहिताना मलाच प्रश्न पडला की लावून घ्या म्हणजे नक्की काय, नुसतं ओढून घ्यायचं का आतून कडी? मावशी कडी घालायच्या. पण आई दुपारी कधी बाथरूममध्ये अडकली आणि दीदी गॅलरीत असतील आणि शेजारच्यांना यायचं असेल तर कडी घातलेली परवडणार नाही, त्यांच्याकडे आमच्या लॅचची किल्ली असते ना. म्हणून आता 'दरवाज़ा बंद करना, कुंडी मत लगाना'. हा निर्णय खरं तर आधीच व्हायला हवा होता, मराठी शब्दाच्या पोटात तो इतके दिवस दडून राहिला.

'टाकू नका'चंही तसंच. आमटीत मीठ टाका म्हणजे घाला, उरलेलं टाका म्हणजे फेका. मराठी माणसाला संदर्भाने कळतं. हिंदीत डालना आणि फेंकना असे दोन सरळ वेगळे शब्द आहेत त्यामुळे तिथे उलट सोपं गेलं.

नवऱ्यानेही मध्येच हौसेने एक हिंदी मसुदा करून दिला. "भोजन के पश्चात औषधि अवश्य दें।" म्हटलं हे रेल्वे स्टेशनवरच्या पाटीसारखं वाटतंय, घरात कोण असं बोलतं. दीदी स्वतः दवाई म्हणतात, नाश्ता म्हणतात, बीपी म्हणतात, तर तेच लिहायचं. क्रियापदाचाही जरा विचार केला. 'दो' म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं, 'दीजिए' म्हटलं तर प्रत्येक ओळीत लांबण, म्हणून सगळीकडे 'देना', 'करना', 'रखना'. आपलं 'द्यायची', 'करायचं' जसं तोंडात बसतं तसंच ते बसतं. आकडे मात्र घड्याळावर असतात तसेच काढले, मराठी आकडे त्या वाचतील बहुतेक, पण औषधाच्या बाबतीत बहुतेक नको.

शेवटी झालेला कागद, दीदींनी स्वतः एक-दोन शब्द बदलून:

सुबह 7 बजे – थायरॉइड की 1 पूरी गोली देना। खाली पेट, सादा पानी।
8 बजे तक चाय नहीं, नाश्ता नहीं।
8 बजे – चाय, नाश्ता। नाश्ता हो जाए तब बीपी की 1 गोली देना।
11 बजे – मशीन चलाना।
12 बजे – कुकर चढ़ाना, 3 सीटी। दाल में नमक आधा छोटा चम्मच।
1 बजे – खाना। दाल-चावल खाने के बाद कैल्शियम की 1 गोली देना।
बचा हुआ खाना फेंकना नहीं, फ्रिज में रखना।
अम्मा सो जाएं तो दरवाज़ा बंद करना, कुंडी मत लगाना।
कोई गोली छूट जाए तो बाद में दो एक साथ मत देना। मुझे फ़ोन करना।

शेवटची ओळ मावशींच्या कागदावर नव्हती, ती लाल पेनने लिहिली. '1 पूरी गोली' मधलं 'पूरी' दीदींनीच घालायला लावलं.

गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं इंग्रजीत, ती दीदींना वाचता येत नाहीत, म्हणून आईच्याच टिकल्यांच्या पाकिटातल्या टिकल्या वापरल्या. थायरॉईडच्या बाटलीवर हिरवी, बीपीच्या पाकिटावर लाल, कॅल्शियमच्या डबीवर निळी, आणि कागदावर त्या त्या ओळीपुढे तीच. यात एक गोम आहे, नवं पाकीट आणलं की टिकली त्याच्यावर जायला हवी, आणि केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर गोळीचा रंगही बदलतो. त्यामुळे नवीन औषध आलं की टिकली मीच लावणार, दीदी नाही आणि आई तर नाहीच (आई बिनधास्त लाल टिकली कपाळाला लावून मोकळी होईल).

एक प्रश्न अजून राहिला होता, परवाच्या रक्ततपासणीचा. मी चिठ्ठी लिहायला घेतली, "परसों लैब", आणि थांबले. हिंदीत कल म्हणजे काल पण आणि उद्या पण, परसों म्हणजे दोन्हीकडचा परवा. पूर्ण वाक्यात 'आएगा' असलं की कळतं, पण चिठ्ठीत आपण क्रियापद कुठे लिहितो, शिवाय आज लिहिलेली चिठ्ठी उद्या वाचली की परवाचा अर्थच सरकतो. म्हणून वार लिहिला: "गुरुवार सुबह लैब वाला आएगा। खून लेने तक चाय, नाश्ता, गोली कुछ नहीं, सिर्फ़ पानी।" गोळीसुद्धा रक्त दिल्यानंतरच असं डॉक्टरांनीच सांगितलंय. ही चिठ्ठी कागदाच्या खाली नाही, सातच्या ओळीच्या बरोब्बर वर चिकटवली, म्हणजे गुरुवारी ती काढल्याशिवाय 7 बजे वाचताच येणार नाही.

दीदी जाताना म्हणाल्या कुकरला तीन शिट्ट्या जास्त आहेत, नव्या तांदळाचा लगदा होईल. उद्या दोन करून बघायचं ठरलंय, 3 वर पेन्सिलीने काट मारून ठेवली आहे.