रोही, पऱ्हाटी, खाणं

"सर, माणूस पयले हातवारे करत होता का पयले बोलला? अन् हे आता कोनाले कसं समजन?"

हा प्रश्न ऐकला की मला माझा चुलतभाऊ आठवतो. तो जन्मापासून बहिरा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्याच्या लहानपणी बहिऱ्या मुलांची शाळा नव्हती. घरात जे हातवारे जमत गेले, तीच त्याची भाषा झाली. एका सकाळी तो वावरातून धावत आला आणि दोन बोटं डोक्यावर उभी धरली, म्हणजे रोही. मग बोंडातून कापूस ओढल्यासारखी चिमूट केली, म्हणजे पऱ्हाटी. शेवटी तोंडाशी हात नेऊन ओरबाडल्यासारखं केलं. आधी कोण, मग काय, आणि क्रिया सगळ्यात शेवटी.

हा क्रम त्याचा स्वतःचा, असं म्हणायचा मोह मला झाला होता. पण मराठीचाही क्रम हाच आहे, आणि त्याच्याशी हातवारे करणारे आम्ही सगळे मराठीच. तेव्हा आमच्या घरावरून काहीच सिद्ध होत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली ही अडचण बाजूला केली. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्यांना त्यांनी छोटी दृश्यं दाखवली आणि न बोलता फक्त हातांनी सांगायला लावली. पहिल्या तीन भाषांत क्रियापद मध्ये येतं. तरीही चारही गटांनी क्रिया बहुतेक वेळा शेवटीच ठेवली.

म्हणजे हात आधी आले का? नाही. बोलण्याची सवय बाजूला ठेवली की आजच्या माणसाचे हात काय करतात, एवढंच त्यातून कळतं. ते हात चालवणारा मेंदू भाषा येणाऱ्या माणसाचाच आहे. हातवाऱ्यांच्या बाजूचा खरा जोरदार पुरावा वानरांकडून येतो. विकी नावाच्या चिंपांझीला माणसांच्या घरात वाढवूनही मोजून चारेक शब्द कसेबसे उच्चारता आले. वॉशो नावाच्या चिंपांझीने मात्र हातांच्या शंभरावर खुणा शिकल्या. मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूज यांनी 1973 साली हाच मुद्दा धरून, भाषा हातवाऱ्यांतून सुरू झाली ही हातवारे-आधीची मांडणी पुन्हा उभी केली.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. 'हात की आवाज' हा साधनाचा प्रश्न आहे. 'आदिभाषा, म्हणजे पूर्ण भाषेच्या आधीची भाषा, कशी होती' हा घडणीचा प्रश्न आहे. भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकर्टन 1990 साली म्हणाले की आधी सुटे शब्द होते आणि व्याकरण नव्हतं. भाषाशास्त्रज्ञ ॲलिसन रे 1998 मध्ये म्हणाल्या की आधी अख्खे, न फोडलेले उद्गार होते आणि शब्द त्यांचे तुकडे पडून झाले. बैल थांबवताना आपण 'होऽऽ' म्हणतो, त्यात 'बैल' वेगळा काढता येत नाही आणि 'थांब'ही काढता येत नाही. रे यांचा उद्गार तसा. यातली कोणतीही मांडणी हातांनाही लागू पडते आणि आवाजालाही.

असे तुकडे खरंच पडतात का, हे निकाराग्वात दिसलं. 1970च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वाच्या शाळेत बहिरी मुलं पहिल्यांदा एकत्र आली आणि त्यांच्यात एक नवी खुणांची भाषा उभी राहिली. ॲन सेन्गास आणि सहकाऱ्यांनी 2004 साली त्या भाषेतलं 'उतारावरून गडगडत खाली जाणं' तपासलं. पहिल्या पिढीतल्या मुलांचा हात गोल फिरत फिरतच खाली यायचा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत असायच्या. नंतर आलेल्या मुलांनी ती हालचाल फोडली. आधी 'गडगडणं', मग 'खाली जाणं', अशा दोन खुणा झाल्या. त्यामुळे तुकडे पडू शकतात, हे रे यांचं म्हणणं शक्यतेच्या कक्षेत येतं. पण फोडणारी मुलं आपल्यासारखीच होती. ज्या पूर्वजांबद्दल आपण बोलतोय त्यांच्याकडे ही फोडण्याची बुद्धी होती का, हेच तर ठरवायचं आहे.

हाडांकडूनही फारसं मिळत नाही. इस्रायलमधल्या केबारा गुहेतल्या निअँडरथलचं, म्हणजे आपल्या जवळच्या पण नामशेष झालेल्या मानवाचं, जिभेखालचं हाड 1989 साली जाहीर झालं. त्याचा आकार आपल्यासारखा निघाला, पण त्यावरून शब्द ऐकू येत नाहीत. आणि हातवाऱ्यांचा तर मातीत मागमूसही राहत नाही.

म्हणून मी एखाद्या मांडणीचा पुरावा मागत नाही. ती काय नाकारते ते विचारतो. हातवारे-आधीवाल्यांचा एक आधार असा, की अनोळखी अर्थ हातांनी समजावता येतो, आवाजाने नाही. हे तपासता येतं, आणि तपासलं गेलं. 2021च्या एका अभ्यासात नव्याने घडवलेले आवाज 25 भाषांच्या लोकांना ऐकवले. त्यांचे अंदाज योगायोगापेक्षा स्पष्टपणे जास्त बरोबर आले. तो आधार तेवढा ढिला झाला.

दुसरी अडचण मला अजून मोठी वाटते. खुणांची भाषा पूर्ण भाषा असते, मग माणसाने हात सोडून आवाज का धरला? वेचणीला हात गुंतलेले असतात आणि बाया बोलत असतात, हे उत्तर मला लोक देतात. पण गरज आहे म्हणून आवाजावर ताबा येत नाही. तो ताबा आधी असावा लागतो, आणि तो असेल तर नुसत्या हातांचा काळ मानायची गरजच उरत नाही. मी स्वतः हात आणि आवाज सोबत वाढले असं मानतो. आवाजावर ताबा देणाऱ्या मज्जामार्गांमागची जनुकं एक दिवस ओळखता आली, आणि ते बदल आपल्या वंशात फार उशिरा आले असं प्राचीन डीएनएवरून निघालं, तर माझं मत मला सोडावं लागेल.