आमची वाटचाल: बायपासकडेची बारा मजली

२०१५ मध्ये आम्ही दोघांनी कोथरूडच्या एका खोलीत ध्वनी-सल्ल्याचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे एक ध्वनिमापक, त्याचा कॅलिब्रेटर आणि उधारीचा लॅपटॉप. पहिली दोन वर्षं सभागृहं आणि जनरेटरच्या खोल्यांवर निघाली. मग वारज्याजवळ, बायपासला लागून असलेल्या बारा मजली इमारतीचा अहवाल आमच्याकडे आला.

रस्त्याकडच्या भिंतीबाहेर आम्ही चोवीस तास मोजणी केली. रात्री दहा ते सहाची सरासरी ६८ डेसिबल आली. ट्रक रात्रीच जास्त, त्यामुळे दिवसाशी फारसा फरक नव्हता. बेडरूममध्ये ३५ हवेत असं धरलं, म्हणजे ३३ डेसिबल अडवायचे. अहवालात जाड दुहेरी काच लिहिली आणि बिल पाठवलं.

ताबा दिल्यावर तक्रारी आल्या. खिडकी बंद करून आत मोजलं, तर ४५! बिल्डर खूश. "सरकारी मर्यादा रात्री ४५च आहे की हो!" त्यांना समजावताना घाम फुटला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतले निवासी भागाचे दिवसा ५५ आणि रात्री ४५ हे आकडे बाहेरच्या, परिसरातल्या आवाजाचे. बेडरूमचा निकष वेगळा लिहावा लागतो आणि आम्ही तो ठळक लिहिलाच नव्हता.

पण दहा डेसिबल गेले कुठे? माझ्या भागीदाराने अगरबत्ती पेटवून खिडकीभोवती फिरवली. सरकत्या दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे धूर हलला, खालच्या रुळापाशीही. काच आम्ही सांगितलेलीच होती. खिडकी मात्र सरकती बसवली होती, कारण बिजागरीची लिहायला आम्हीच विसरलो होतो. खिडकीच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर काच कितीही भारी असो, रोध २० डेसिबलच्या आसपास अडकतो.

दोन फ्लॅटमध्ये स्वखर्चाने बिजागरीच्या, रबरी पट्टीच्या खिडक्या बसवल्या. आत ३६ आले. एक डेसिबल राहिलाच, पण झोप लागू लागली. मग नवं गाऱ्हाणं: कोंदट वाटतं. साहजिक आहे, स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. खिडकी थोडी उघडली की सगळी कमाई पाण्यात. शेवटी मागच्या, शांत बाजूने ताजी हवा घेणारा छोटा पंखा आणि आतून ध्वनिशोषक लावलेला डक्ट दिला.

दरम्यान बिल्डरला कुंपणभिंत उंच करायची होती. ती पहिल्या मजल्यापर्यंत उपयोगी; जिथून ट्रक दिसतो तिथे आवाज पोचतोच. बाल्कनीत तर आम्ही काहीच करू शकलो नाही.

आता आमच्या अहवालात खिडकीची उघडण्याची पद्धत, हवेची सोय आणि "बाल्कनीत निकष पाळला जाणार नाही" हे वाक्य पहिल्याच पानावर असतं. ते वाक्य काढा म्हणून दर दुसरा बिल्डर फोन करतो.